पैसे एकूण पुरतात, तरी जानेवारीत संपतात: घरबांधणीचा एस-कर्व्ह आणि हातातला पैसा जुळवताना

गुहागर तालुक्यात समुद्राजवळच्या वाडीत चार खोल्यांचा होमस्टे बांधायचा आहे. खाली दोन खोल्या, वर स्लॅब, स्लॅबवर आणखी दोन खोल्या आणि त्यावर उतरतं कौलारू छप्पर. भिंती चिऱ्याच्या. अंदाजपत्रक ४० लाखांचं. पैसे असे: स्वतःचे १० लाख, बँकेचं कर्ज २६ लाख आणि यंदाच्या आंब्याचे ६ लाख. बेरीज ४२ लाख, म्हणजे खर्चापेक्षा २ लाख जास्तच. बहुतेक जण इथे वही मिटतात आणि काम सुरू करतात.

हे काम जानेवारीत अडकतं. एप्रिलमध्ये साडेचार लाखांचा खड्डा पडतो आणि मेअखेरपर्यंत हात वर येत नाही. का, आणि त्यावर काय करायचं, ते याच उदाहरणावर पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या गावचे दर तुम्ही घाला. रीत तीच राहते.

पहिली पायरी: काम महिन्यांवर पसरवा

अंदाजपत्रक कामांनुसार असतं: पाया इतका, चिरे इतके, स्लॅब इतका. ते महिन्यांनुसार करायला आधी वेळापत्रक लागतं. कोकणात त्याची शेवटची तारीख पाऊस ठरवतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्याआधी छपरावर कौलं चढलीच पाहिजेत. सुरुवातही पाऊसच ठरवतो, कारण ओली जमीन आणि बंद असलेल्या चिरेखाणी यामुळे ऑक्टोबरआधी फारसं काही हलत नाही. मधे शिमगा येतो आणि काही दिवस साइटवर कोणी फिरकत नाही. हे दिवस आधीच वजा करा.

आपल्या उदाहरणात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाया आणि जोता, डिसेंबर-जानेवारीत तळमजल्याच्या भिंती दारं-खिडक्यांवरच्या लेंटलपर्यंत, फेब्रुवारीत स्लॅब, मार्चमध्ये वरच्या भिंती आणि छपराचा सांगाडा, एप्रिलमध्ये कौलं, प्लास्टर, फरशी, आणि मेमध्ये रंग व किरकोळ कामं. महिनावार खर्च खालच्या तक्त्यात 'काम' या रकान्यात आहे. त्याची बेरीज करत गेलं की आकडे असे येतात: २.५, ६.५, १२, १८.५, २६, ३२, ३७, ४० लाख. हे कागदावर मांडलं की रेषा आधी हळूहळू चढते, मधे उभी होते आणि शेवटी पुन्हा आडवी होते. हाच एस-कर्व्ह. त्याचा मधला उभा भाग नीट बघा: जानेवारी ते मार्च या तीनच महिन्यांत २० लाखांचं, म्हणजे अर्धं काम होतं. पैशाची अडचण आली तर याच चढावर येणार.

दुसरी पायरी: काम कधी झालं आणि पैसे कधी गेले, हे वेगळं मांडा

डिसेंबरमध्ये साडेपाच लाखांचं काम झालं म्हणजे डिसेंबरमध्ये साडेपाच लाख गेले, असं होत नाही. चिरे, सिमेंट, वाळू यांचे पैसे गाडी उतरली की द्यावे लागतात. मजुरांची उचल दर आठवड्याला जाते. ठेकेदाराचं उरलेलं बिल मात्र मोजमाप झाल्यावर पुढच्या महिन्यात निघतं. म्हणून इथे असं धरलं आहे की महिन्याच्या कामाचे ८० टक्के त्याच महिन्यात जातात आणि २० टक्के पुढच्या महिन्यात. तुमच्या ठेकेदाराशी ठरलेल्या अटींवरून हे प्रमाण काढा, अंदाजाने नको.

दोन गोष्टी या प्रमाणात बसत नाहीत. स्लॅबचं दीड लाखाचं लोखंड काम सुरू होण्याआधी, जानेवारीतच आणावं लागतं. दारं-खिडक्या एप्रिलच्या, पण सुतार फेब्रुवारीत ८० हजार आगाऊ मागतो. या दोन्ही रकमा आधीच्या महिन्यात सरकवल्या आहेत.

तिसरी पायरी: पैसे खात्यात कधी येतील ते लिहा, कधी मंजूर झाले ते नव्हे

बँक २६ लाख एकदम देत नाही. आधी स्वतःचे पैसे घाला, मग काम जसं पुढे जाईल तसे टप्पे सुटतील, ही नेहमीची अट. समजा आपले टप्पे असे आहेत: जोता झाल्यावर ५.२ लाख, लेंटलला ६.५, स्लॅबला ७.८, छप्पर आणि प्लास्टर झाल्यावर ३.९, काम पूर्ण झाल्यावर २.६. यातलं 'झाल्यावर' फार महाग पडतं. जोता नोव्हेंबरच्या शेवटी पुरा होतो, बँकेचा व्हॅल्युअर येऊन पाहतो, अहवाल देतो, मग रक्कम सुटते. पैसे डिसेंबरात येतात. प्रत्येक टप्प्याला असा महिनाभर धरा. तो लवकर आला तर चांगलंच.

आंब्याचं तसंच. बाग एप्रिल-मेमध्ये भरात असली, तरी वाशीच्या दलालाची पट्टी हातात येऊन पैसे जमा होईपर्यंत दिवस जातात. एप्रिलमध्ये २, मेमध्ये ३, जूनमध्ये १ लाख धरले आहेत. बँकेचं बांधकामाच्या काळातलं व्याज इथे घरखर्चातून जातं असं मानलंय. तुमच्याकडे तसं नसेल तर त्याची वेगळी ओळ घाला, कारण ती हमखास विसरली जाते.

सगळे आकडे लाखांत:

| महिना | काम | द्यायचे | येणारे | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| ऑक्टोबर | २.५ | २.० | १०.० | ८.० |
| नोव्हेंबर | ४.० | ३.७ | ० | ४.३ |
| डिसेंबर | ५.५ | ५.२ | ५.२ | ४.३ |
| जानेवारी | ६.५ | ७.८ | ० | −३.५ |
| फेब्रुवारी | ७.५ | ६.६ | ६.५ | −३.६ |
| मार्च | ६.० | ६.३ | ७.८ | −२.१ |
| एप्रिल | ५.० | ४.४ | २.० | −४.५ |
| मे | ३.० | ३.४ | ६.९ | −१.० |
| जून | ० | ०.६ | ३.६ | २.० |

एक्सेलमध्ये द्यायचे पैसे C रकान्यात, येणारे D मध्ये आणि शिल्लक E मध्ये ठेवली, पहिला महिना दुसऱ्या ओळीत घेतला, की एवढी दोन सूत्रं पुरतात. पहिलं E2 मध्ये टाकून खाली ओढा, दुसरं सर्वात खोल खड्डा दाखवतं:

```
=SUM(D$2:D2)-SUM(C$2:C2)
=MIN(E2:E10)
```

आलेख काढताना एक काळजी घ्या. खर्चाची रेषा तिरकी चढते ते ठीक, पण पैशाची रेषा पायऱ्यांची असते: महिनाभर आडवी, मग एकदम उभी उडी. साधा लाइन चार्ट दोन बिंदू तिरक्या रेषेने जोडतो आणि न आलेले पैसेही हळूहळू येत असल्यासारखं दाखवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या भागात असा चार्ट हमखास फसवतो. म्हणून रेषांचा स्कॅटर चार्ट घ्या आणि येणाऱ्या पैशांसाठी प्रत्येक महिन्याला दोन बिंदू द्या, एक उडीच्या आधीचा आणि एक नंतरचा.

चौथी पायरी: खड्डा भरायचा, पण योग्य क्रमाने

प्रकल्प व्यवस्थापनात या कामाला फंडिंग लिमिट रिकन्सिलिएशन म्हणतात. पुस्तकातला उपाय सरळ आहे: ज्या महिन्यात खर्च पैशाच्या मर्यादेबाहेर जातो, त्या महिन्यातली कामं पुढे ढकला. सरकारी निधी दर वर्षी ठरल्या तारखेला मिळत असेल तर हे चालतं. टप्प्याटप्प्याने सुटणाऱ्या कर्जावर मात्र ते उलटं पडू शकतं, कारण इथे येणारा पैसाच कामावर अवलंबून आहे. काम ढकललं की पुढचा टप्पाही ढकलला जातो. खर्चाची रेषा खाली आणायला जावं तर पैशाचीही रेषा खाली येते, आणि खड्डा तसाच राहतो.

म्हणून आधी उलट प्रश्न विचारा: कुठलं काम लवकर झालं तर पैसे लवकर सुटतील? तक्त्यात डिसेंबरअखेर ४.३ लाख हातात पडून आहेत आणि पुढच्याच महिन्यात तुटवडा. लेंटलचे साडेसहा लाख अडकलेत ते जानेवारीतल्या काही भिंतींसाठी. तेव्हा गवंड्यांची आणखी एक जोडी लावून जानेवारीतलं २ लाखांचं चिरेकाम डिसेंबरमध्ये ओढा. हलवलेल्या रकमा सोप्या हिशोबासाठी ८०-२० न करता, इथे आणि पुढेही, पूर्णच एका महिन्यातून दुसऱ्यात नेल्या आहेत. लेंटल डिसेंबरअखेर होतं, व्हॅल्युअर जानेवारीत येतो, पैसे जानेवारीअखेर सुटतात.

यासाठी दोन गोष्टी आधी जमवाव्या लागतात. चिरे डिसेंबरच्या सुरुवातीलाच साइटवर आलेले असले पाहिजेत, नाहीतर जादा गवंडी लावून उपयोग नाही. आणि घाई चिऱ्याच्या भिंतीत करायची, जोत्याच्या किंवा लेंटलच्या काँक्रीटला पाणी मारण्याचे दिवस कमी करून नव्हे.

त्याच झटक्यात दोन अटी बदलून घ्या. लोखंडाचे दीड लाख हार्डवेअरवाल्याकडे महिन्याच्या उधारीवर, म्हणजे फेब्रुवारीत द्यायचे. उधारीचा दर थोडा चढा असतो. तो रोखीच्या दराशी ताडून पाहा. सुताराची उचल एप्रिलवर न्या. इतकं करून जानेवारीची शिल्लक −३.५ वरून +४.५ होते. पण फेब्रुवारी −२.८, मार्च −१.३ आणि एप्रिल अजूनही −४.५. स्लॅबचा महिना आणि शेवटची धावपळ अजून बाकी आहे.

ढकलण्याची वेळ आता येते, आणि इथेही निवडून ढकलायचं. छप्पर आणि प्लास्टर हलवायचं नाही. छप्पर पावसामुळे, आणि दोन्ही मिळून ३.९ लाखांचा टप्पा सुटतो म्हणून. उरते वरच्या दोन खोल्यांची फरशी, रंग आणि बाथरूमचं सामान. छपराखालचं हे काम पाऊस चालू असतानाही होतं. त्यातले अडीच लाख एप्रिलमधून जुलैमध्ये न्या. रंग मात्र भिंत ओली असताना लावू नका. पागोळ्यांच्या बाजूची भिंत श्रावणातही दमट राहते.

एप्रिल −२ वर आला. मे आणि जून जमेत. आता पुढे बघायला विसरलात तर जुलैमध्ये ठेच लागेल: 'काम पूर्ण'चा २.६ लाखांचा शेवटचा टप्पाही जूनऐवजी ऑगस्टमध्ये गेला, त्यामुळे जुलैअखेर शिल्लक −०.६. ढकललेल्या कामाबरोबर त्याचे पैसेही गेले, ते असे. तक्ता म्हणूनच काम संपेपर्यंत नव्हे, शेवटचा पैसा येईपर्यंत वाढवायचा.

पाचवी पायरी: उरलेल्या खड्ड्यापुरतंच बाहेरून घ्या

आता सर्वात खोल खड्डा फेब्रुवारीतला, −२.८. खातं कधीच १ लाखाच्या खाली जाऊ नये असा नियम ठेवला तर ३.८ लाख हवेत. म्हणून ४ लाखांचं सोनेतारण कर्ज. सुरुवातीलाच साडेचार लाखांच्या खड्ड्याकडे पाहून कर्ज काढलं असतं, तर साडेपाच लाख घ्यावे लागले असते. आधी रेषा सरळ करून घेतली म्हणून रक्कम कमी झाली.

कर्ज फेब्रुवारीत घ्यायचं असं तक्ता सांगतो. पण महिन्याचा तक्ता महिन्याच्या आतलं लपवतो. जानेवारी आठवड्यांनी मांडून पाहा: सुरुवातीची शिल्लक २.३ लाख, महिन्याचा खर्च ४.३ आणि बँकेचे पैसे २५ तारखेनंतर. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तीन लाखांच्या वर गेलेले असतात आणि खातं वजा झालेलं असतं. मजुरांचा शनिवार काही बँकेची वाट पाहत नाही. तेव्हा सोनेतारण जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या आणि ऑगस्टमध्ये फेडा. १० टक्के दर धरला तर सात महिन्यांचं व्याज साधारण २३ हजार. ते अंदाजपत्रकात लिहा. मी तरी हे २३ हजार छप्पर पावसात सापडण्याच्या तुलनेत स्वस्तच म्हणेन.

जुळवलेला तक्ता (लाखांत):

| महिना | द्यायचे | येणारे | शिल्लक |
|---|---|---|---|
| ऑक्टोबर | २.० | १०.० | ८.० |
| नोव्हेंबर | ३.७ | ० | ४.३ |
| डिसेंबर | ७.२ | ५.२ | २.३ |
| जानेवारी | ४.३ | १०.५ | ८.५ |
| फेब्रुवारी | ७.३ | ० | १.२ |
| मार्च | ६.३ | ७.८ | २.७ |
| एप्रिल | २.७ | २.० | २.० |
| मे | ३.४ | ६.९ | ५.५ |
| जून | ०.६ | १.० | ५.९ |
| जुलै | २.५ | ० | ३.४ |
| ऑगस्ट | ४.२ | २.६ | १.८ |

जानेवारीच्या साडेदहामध्ये ४ लाख सोनेतारणाचे आहेत, आणि ऑगस्टमध्ये तेच व्याजासह परत जातात. जानेवारीअखेरचे साडेआठ लाख पाहून कोणाला टीव्ही आणि एसी आठवले, तर फेब्रुवारीची ओळ दाखवा.

सहावी पायरी: तक्ता मोडून पाहा

हा तक्ता सगळं वेळेवर होईल असं धरतो. तसं होत नाही, म्हणून तीन धक्के देऊन पाहायचे.

लेंटलचे पैसे महिनाभर उशिरा, फेब्रुवारीत आले तर? जानेवारी २ लाखांवर थांबतो, फेब्रुवारी तसाच. सोनेतारण लवकर घेतल्याचा हा दुसरा फायदा. चालून जातं.

आंब्याचे पैसे महिनाभर उशिरा आले, तर एप्रिलची शिल्लक शून्य. श्वास रोखून धरावा लागेल, पण बुडत नाही. उत्पन्नच निम्मं झालं, म्हणजे ६ ऐवजी ३ लाख आले, तर मात्र जुलैअखेर जेमतेम ४० हजार उरतात आणि ऑगस्टमध्ये सोनं सोडवायला सव्वा लाखभर कमी पडतात. मोहर आणि फळधारणा कशी आहे हे मार्चपर्यंत कळलेलं असतं. तेव्हाच ठरवा: सोनेतारणाची मुदत वाढवायची, की वरच्या खोल्यांत सध्या साधं सामान बसवून तेवढे पैसे वाचवायचे.

तिसरा धक्का जबर. स्लॅबचे ७.८ लाख मार्चऐवजी एप्रिलमध्ये आले तर मार्चअखेर −५.१. हे कुठल्याही साठ्याने झाकलं जात नाही. म्हणून सगळ्या वेळापत्रकात स्लॅबची तारीख सर्वात जपायची. डिसेंबरमध्ये भिंती लवकर उरकल्याने इथे पंधरवडा मोकळा मिळतो. तो वापरून स्लॅब फेब्रुवारीअखेर न टाकता मध्यावर टाका, म्हणजे व्हॅल्युअरचा अहवाल शिमग्याच्या आणि बँकेच्या वर्षअखेरच्या गडबडीआधी पोहोचेल. सेंट्रिंगवाल्याची तारीख जानेवारीतच पक्की करा.

आणि टप्पे अजून ठरले नसतील तर कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी बँकेशी बोला. स्लॅबचा एक मोठा टप्पा मोडून 'सेंट्रिंग व लोखंड' आणि 'स्लॅब पूर्ण' असे दोन करून मिळाले तर हा धक्का बराच मऊ होतो. सही झाल्यावर हे फार अवघड.

काम चालू असताना

दर महिन्याच्या शेवटी तीन बेरजा एकाच कागदावर लिहा: ठरलेलं काम किती रुपयांचं, प्रत्यक्ष झालेलं काम अंदाजपत्रकाच्या दराने किती रुपयांचं, आणि प्रत्यक्ष गेलेले पैसे किती. दोनच बेरजा लिहिल्या तर फसाल. समजा डिसेंबरअखेर १२.९ लाख जायचे होते आणि ११.५ गेले. घरात आनंद: १.४ लाख वाचले! आता झालेलं काम मोजा. भिंती ठरल्याप्रमाणे लेंटलला पोहोचल्या असतील, तरी पैसे वाचले असं लगेच समजू नका. बहुधा चिरेवाल्याचं बिल थकलंय आणि ते जानेवारीत एकदम पुढ्यात येईल. ते जानेवारीच्या ओळीत लगेच घाला. भिंती खिडकीच्या उंचीवरच असतील, तर परिस्थिती त्याहून वाईट: पैसे शिल्लक दिसतात, पण लेंटलचा टप्पा पुढे गेला.

उलट, गेलेले पैसे झालेल्या कामापेक्षा बरेच पुढे असतील आणि दर वाढलेले नसतील, तर दोनच कारणं संभवतात. एकतर माल आगाऊ येऊन साइटवर पडलाय, तो जाऊन मोजता येतो. नाहीतर ठेकेदाराची उचल कामापेक्षा जास्त झाली आहे. चिऱ्यांचे थर, सिमेंटच्या गोण्या आणि लोखंडाचे बंडल मोजून झाल्यावरही फरक उरला, तर पुढची उचल मोजमापाशिवाय देऊ नका. हा फरक नोव्हेंबरमध्ये वीस-तीस हजारांचा असतो आणि बोलून मिटतो. स्लॅबच्या महिन्यापर्यंत तो लाखावर गेला, तर ठेकेदार तुमच्याच पैशांवर दुसऱ्याची साइट चालवत असतो.

प्रत्येक टप्प्यासाठी एक इशाऱ्याची तारीखही लिहून ठेवा. लेंटलसाठी १० जानेवारी: तोवर व्हॅल्युअर येऊन गेला नसेल, तर बँकेत स्वतः जाऊन बसायचं, आणि पैसे जमा होईपर्यंत लोखंडापलीकडे नवी कुठलीही ऑर्डर द्यायची नाही. स्लॅबसाठी १ मार्च. छपरासाठी १० मे, कारण त्यानंतर कौलं चढवणारे सुतार मिळणं कठीण होतं; सगळी वाडी तेव्हा आगोटीच्या कामात असते.